इंग्रजी इंटरफेसमधील मराठी मजकूर : स्क्रीन रीडरची भाषा आणि अक्षरांचा आकार

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
(१) लिपी आणि भाषा यांतील भेद स्क्रीन रीडरच्या संदर्भात स्पष्ट करता येईल;
(२) मराठी मजकूर कोणत्या भाषेच्या आवाजात वाचला जात आहे, हे ऐकून ओळखता येईल;
(३) इंटरफेस इंग्रजी असतानाही मराठी मजकुरासाठी आवाज व अक्षरांचा आकार यांची मांडणी करता येईल.

१. प्रास्ताविक

दूरशिक्षणाचा बराचसा व्यवहार आता पडद्यावर होतो. प्रवेश अर्ज, परीक्षा अर्ज, सूचनापत्रे आणि अभ्याससाहित्य यांच्या संकेतस्थळांवरील बटणे, रकान्यांची नावे आणि मेनू पुष्कळदा केवळ इंग्रजीत असतात. त्यांच्या आत येणारा मजकूर मात्र मराठी असतो. डोळस विद्यार्थी एका भाषेतून दुसरीकडे सहज नजर फिरवतो. जो विद्यार्थी पडदा ऐकतो, त्याच्या बाबतीत हे संक्रमण यंत्राला करावे लागते. यंत्राला ते साधले नाही, तर मजकूर चुकीचा ऐकू येतो किंवा मुळीच ऐकू येत नाही.

एक साधे उदाहरण पाहू. इंग्रजी अर्जात एक मराठी सूचना आहे : ‘शुल्क भरण्याची अंतिम तारीख 15 जुलै 2025’. देवनागरी न जाणणारा इंग्रजी आवाज ही ओळ वाचू लागला, तर अनेकदा ‘फिफ्टीन’ आणि वर्षाचा आकडा एवढेच ऐकू येते. महिना गळतो आणि तारीख कशाची आहे तेही गळते. याहून वाईट म्हणजे, सूचनेत एकही आकडा नसेल तर ऐकणाऱ्याला तेथे काही लिहिलेले आहे याचा पत्ताच लागत नाही. चुकीचा उच्चार निदान खटकतो; शांतता खटकत नाही.

२. तीन भाषा आणि एक खूण

अशा प्रसंगी तीन भाषा वेगवेगळ्या ओळखाव्या लागतात. पहिली इंटरफेसची भाषा, म्हणजे बटणे व मेनू यांची भाषा. दुसरी मजकुराची भाषा. तिसरी आवाजाची भाषा. स्क्रीन रीडर आणि आवाज या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. स्क्रीन रीडर पडद्यावरील मजकूर गोळा करतो आणि तो एका वाक्-संश्लेषकाकडे सोपवतो. प्रत्यक्ष बोलतो तो संश्लेषक. प्रत्येक आवाज एखाद्या भाषेच्या उच्चारनियमांवर बेतलेला असतो. म्हणून इंटरफेस मराठीत उपलब्ध नसला, तरी मराठी आवाज वापरता येतो. ‘संकेतस्थळ मराठीत नाही, म्हणून मराठी ऐकता येणार नाही’ हा समज या दोहोंची गल्लत झाल्यामुळे होतो.

आता मजकूर कोणत्या आवाजाकडे द्यायचा, हे यंत्र कसे ठरवते? लिपीवरून ठरवावे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु देवनागरी ही एकाच भाषेची लिपी नाही. मराठी, हिंदी, नेपाळी, संस्कृत आणि कोकणी या भाषा ती वापरतात. अक्षरांवरून यंत्राला देवनागरी कळते. मराठी कळत नाही. त्यासाठी पृष्ठ तयार करणाऱ्याने भाषेची खूण नोंदवावी लागते. ही खूण पडद्यावर दिसत नाही. ती पृष्ठाच्या मूळ लेखनात असते :

```
<html lang="en">
  <button>Submit</button>
  <p lang="mr">आपला अर्ज स्वीकारला आहे.</p>
</html>
```

पहिली ओळ सांगते की पृष्ठ इंग्रजी आहे. तिसऱ्या ओळीतील `mr` हे मराठीचे प्रमाणित संक्षिप्त नाव. हिंदीचे `hi` आणि कोकणीचे `kok`. ही दोन अक्षरे मिळाली की स्क्रीन रीडर त्या परिच्छेदापुरता मराठी आवाज लावतो आणि परिच्छेद संपताच इंग्रजीकडे परततो. संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांत पृष्ठाच्या भाषेची खूण ही पहिल्या, ‘ए’ पातळीची अट आहे (निकष ३.१.१) आणि पृष्ठातील परभाषिक भागांची खूण ही ‘एए’ पातळीची (निकष ३.१.२). व्यवहारात पहिली खूण बहुधा असते आणि दुसरी वारंवार राहून जाते. इंग्रजी इंटरफेसमधील मराठी मजकुराला नेमकी दुसरीच हवी असते.

३. ऐकून करावयाचे निदान

खूण नसताना देवनागरी मजकुराचे तीनपैकी एक काहीतरी होते. आवाज तो गाळतो. किंवा एकेक अक्षर सुटे उच्चारतो. किंवा देवनागरी दिसताच हिंदीच्या नियमांनी वाचू लागतो. तिसरी शक्यता सर्वांत फसवी आहे, कारण मजकूर बराचसा कळतो आणि दोष ध्यानात येत नाही. भाषेच्या अभ्यासकाला तो ओळखण्याचे साधन मात्र सहज उपलब्ध आहे. पुढील वाक्य एखाद्या फाइलीत टंकित करून ठेवावे आणि ऐकावे :

‘कृपया ज्ञानकोशाची ४९ पाने वाचा.’

या वाक्यात मराठी आणि हिंदी यांची वाट तीन ठिकाणी वेगळी होते. ‘ऋ’चा उच्चार मराठीत ‘रु’कडे झुकतो आणि हिंदीत ‘रि’कडे, म्हणून ‘क्रुपया’ ऐकू आले तर आवाज मराठी, ‘क्रिपया’ ऐकू आले तर हिंदी. ‘ज्ञ’ मराठीत ‘द्न्य’ असा उच्चारला जातो, हिंदीत ‘ग्य’ असा. सर्वांत निर्णायक पुरावा संख्येचा. ४९ हा आकडा मराठी आवाज ‘एकोणपन्नास’ असा वाचतो आणि हिंदी आवाज ‘उनचास’ असा. अक्षरे दोन्ही भाषांत सारखी दिसतात, पण आकड्याला स्वतःचा उच्चार नसतो. तो वाचणाऱ्याच्या भाषेतून येतो. म्हणूनच संख्यावाचनावरून आवाजाची भाषा खात्रीने कळते. केवळ मराठी जाणणाऱ्या विद्यार्थ्याला ‘उनचास’ ही संख्या लावता येईलच असे नाही, आणि शुल्काच्या रकमेत किंवा आसनक्रमांकात ही अडचण महागात पडते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’ मराठीत भिन्न आहे. पहिला तालव्य, दुसरा दंततालव्य. तथापि लेखनात हा भेद दाखवला जात नाही. त्यामुळे अस्सल मराठी आवाजही येथे चुकू शकतो. ‘च’ किंवा ‘ज’ खटकला म्हणून आवाज मराठी नाही, असा निष्कर्ष काढू नये.

राहिला प्रश्न शांततेचा. आवाज गप्प असेल, तर तेथे मजकूर नाही की आवाजाला तो वाचता येत नाही? यासाठी उजव्या बाणाच्या कळीने एकेक अक्षर पुढे जावे. पुढचा परिचित इंग्रजी शब्द येण्याआधी कळ अनेक वेळा दाबावी लागली, तर मधे मजकूर आहे हे निश्चित. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमध्ये आणखी एक सोय आहे. त्याच्या मेनूतील `Tools` या विभागात `Speech viewer` उघडले की आवाजाकडे पाठवलेला मजकूर एका चौकटीत उमटतो. मराठी ओळ चौकटीत दिसते पण ऐकू येत नाही, असे झाले तर दोष स्क्रीन रीडरचा नसून आवाजाचा आहे. ज्यांना थोडे दिसते त्यांना, किंवा शेजारी बसलेल्या डोळस सहकाऱ्याला, ही पडताळणी लगेच करता येते.

४. एक प्रसंग : मांडणी टप्प्याटप्प्याने

समजा, एका विद्यार्थिनीची दृष्टी अंशतः शाबूत आहे. मोठी बटणे तिला दिसतात. सलग मजकूर मात्र ती ऐकते. तिच्याकडे विंडोज संगणक, एनव्हीडीए आणि फायरफॉक्स आहे. परीक्षा अर्जाचे संकेतस्थळ इंग्रजी असून त्यातील सूचना मराठीत आहेत आणि त्या तिला ऐकू येत नाहीत.

पहिला टप्पा निदानाचा. पृष्ठावर असताना `Ctrl + U` दाबले की मूळ लेखन उघडते. तेथे `Ctrl + F` ने `lang=` हे शोधावे. आपल्या उदाहरणात एकच नोंद सापडते : `lang="en"`. मराठी सूचनांवर खूण नाही, हे सिद्ध झाले.

दुसरा टप्पा स्वयंचलित बदल चालू असल्याची खात्री करण्याचा. `NVDA + Ctrl + V` या कळांनी आवाजाची मांडणी उघडते. (येथे `NVDA` म्हणजे सामान्यतः `Insert` ही कळ.) तेथील `Automatic language switching` या चौकटीत खूण असावी. ती असली की ज्या पृष्ठांवर `mr` नोंदलेले आहे, तेथे आवाज आपोआप बदलतो. मात्र वापरात असलेल्या संश्लेषकाकडे मराठी आवाज असला पाहिजे. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या संश्लेषकात मराठी आवाज अंतर्भूत आहे. त्याचा स्वर यांत्रिक वाटतो, तरी उच्चारनियम मराठीचे आहेत.

तिसरा टप्पा खूण नसलेल्या पृष्ठांसाठी. येथे यंत्र भाषा ओळखणार नाही; म्हणून बदल आपल्या कृतीला बांधून द्यावा लागतो. विद्यार्थिनीच्या वापराकडे पाहिले तर असे दिसते की बटणे आणि रकाने यांवरून ती `Tab` कळीने एकेक पाऊल जाते. हा व्यवहार इंग्रजी. सूचना मात्र ती `NVDA + खालचा बाण` दाबून सलग ऐकते. हा व्यवहार मराठी. एनव्हीडीएमध्ये केवळ सलग वाचनापुरती वेगळी मांडणी ठेवता येते. `NVDA + Ctrl + P` दाबून `New` निवडावे, मांडणीला नाव द्यावे आणि ती कशासाठी आहे या प्रश्नाला `Say all` हे उत्तर द्यावे. नंतर एनव्हीडीए विचारतो की बदल करण्यासाठी ही मांडणी आताच हाताने चालू करायची का, होकार द्यावा. मग `NVDA + Ctrl + S` ने ईस्पीक एनजी हा संश्लेषक निवडावा आणि `NVDA + Ctrl + V` ने मराठी आवाज व सोयीचा वेग ठरवावा; या मांडणीपुरती `Automatic language switching` ची खूण काढावी, नाहीतर पृष्ठावरील `en` मुळे आवाज पुन्हा इंग्रजीकडे वळतो. शेवटी `NVDA + Ctrl + P` च्या चौकटीत जाऊन ही मांडणी हाताने बंद करावी. ही शेवटची पायरी विसरली तर बटणेही मराठी आवाजात ऐकू येऊ लागतात, आणि मांडणी बिघडली असा समज होतो.

आता `Tab` कळीने फिरताना इंग्रजी आवाज राहतो आणि सलग वाचन सुरू होताच मराठी आवाज येतो. सलग वाचनात मधे रोमन लिपीतील इंग्रजी शब्द आला, तर ईस्पीकचा मराठी आवाज तो इंग्रजी नियमांनी वाचतो. त्यामुळे मिश्र वाक्य तुटत नाही.

वेगाबाबत एक सूचना उपयोगी पडेल. मराठी मातृभाषा असलेल्या श्रोत्याला मराठी वेगाने ऐकून कळते. इंग्रजी बटणाचा शब्द त्याच वेगाने आला तर निसटतो. दोन मांडण्या वेगळ्या असल्याने वेगही वेगळे ठेवता येतात. इंग्रजीसाठी विंडोजमधील भारतीय इंग्रजी आवाज निवडल्यास आपल्याला परिचित उच्चार मिळतात. इंटरफेसमधील इंग्रजी शब्द मर्यादित असतात आणि पुनःपुन्हा येतात. वेग कमी ठेवला म्हणून फार वेळ जात नाही.

मोबाइलवर अँड्रॉइडच्या टॉकबॅकमध्ये हेच काम थोडे वेगळे होते. प्रथम फोनच्या मांडणीत मजकूर बोलणाऱ्या यंत्रणेत मराठी आवाज उतरवून घ्यावा. नंतर टॉकबॅक चालू असताना तीन बोटांनी पडद्यावर टकटक केले की त्याचा मेनू उघडतो. तेथील `Spoken language` या नोंदीतून आवाजाची भाषा बदलता येते. फोनची भाषा इंग्रजीच राहते. येथे बदल दर वेळी हाताने करावा लागतो, ही मर्यादा आहे.

५. अक्षरांचा आकार आणि तीच खूण

वरील विद्यार्थिनीला मराठी ओळ कधी कधी डोळ्यांनीही वाचावी लागते. येथे दुसरी अडचण येते. रोमन आणि देवनागरी अक्षरे समान मापात ठेवली तरी देवनागरी सामान्यतः लहान दिसतात. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार यांसाठी, आणि खाली उकार व ऋकार यांसाठी जागा राखावी लागते; त्यामुळे मुख्य अक्षराच्या वाट्याला कमी उंची येते. इंग्रजी नजरेपुढे ठेवून रचलेल्या इंटरफेसमध्ये मराठी मजकूर यामुळेच बारीक वाटतो.

फायरफॉक्समध्ये लिपीनुसार वेगळे माप ठरवता येते. `Settings` मध्ये `Fonts` या भागातील `Advanced` उघडावे, `Fonts for` समोर `Devanagari` निवडावे आणि `Minimum font size` येथे, उदाहरणार्थ, 24 हा आकडा द्यावा. `Latin` साठीचे माप तसेच ठेवावे. पृष्ठाने स्वतःचे माप ठरवले असले, तरी त्यापेक्षा लहान अक्षर फायरफॉक्स दाखवत नाही. त्यामुळे बटणे आहेत तेवढीच राहतात आणि मराठी मजकूर वाढतो.

परंतु ही मांडणीही भाषेच्या खुणेवर चालते. परिच्छेदावर `mr` असेल तर फायरफॉक्स देवनागरीचे माप लावतो. तो `en` च्या छत्राखाली असेल तर रोमनचे. ज्या खुणेअभावी आवाज चुकतो, तिच्याच अभावी आकारही चुकतो. यातून निदानाची आणखी एक रीत मिळते : देवनागरीचे किमान माप मोठे करूनही मराठी ओळ होती तेवढीच राहिली, तर तिच्यावर खूण नाही असे समजावे. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणेही काही फॉन्टमध्ये याच खुणेने निवडली जातात.

खूण नसेल तर `Ctrl` आणि अधिक चिन्ह दाबून सर्व पृष्ठ वाढवणे हाच मार्ग उरतो. डब्ल्यूसीएजीच्या निकष १.४.४ नुसार अक्षरे २०० टक्क्यांपर्यंत वाढवली तरी मजकूर हरवता कामा नये. मराठीत हा नियम कोठे मोडतो, ते पाहावे लागते. बटणाची किंवा रकान्याची उंची ठरावीक ठेवलेली असेल, तर वाढलेल्या अक्षराची वरची किंवा खालची कड कापली जाते. रोमन अक्षराची कड कापली तरी शब्द बहुधा ओळखू येतो. देवनागरीत त्या कडेलाच स्वरचिन्हे असतात. खालची कड गेली की ‘मुळे’चे ‘मळे’ होते. वरची गेली की ‘शेत’चे ‘शत’ आणि ‘मोर’चे ‘मार’ होते. हे सर्व खरे शब्द असल्याने वाचकाला चूक जाणवत नाही. म्हणून आकार वाढवल्यावर शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली मोकळी जागा दिसते का, हे आधी पाहावे. ती दिसत नसेल तर वाढ एक पायरी कमी करावी आणि बाकीचे काम विंडोजच्या भिंगाकडे, म्हणजे `Magnifier` कडे, सोपवावे. ते चालू करण्यासाठी विंडोज कळ व अधिक चिन्ह एकत्र दाबावे. भिंग तयार चित्रच मोठे करते, त्यामुळे नव्याने काही कापले जात नाही. मात्र पडद्याचा थोडाच भाग एका वेळी दिसतो.

६. मर्यादा

या मांडण्या युनिकोड मजकुरालाच लागू पडतात. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये तयार केलेल्या जुन्या पीडीएफमध्ये पडद्यावर मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. अशी ओळ नोटपॅडमध्ये डकवून पाहावी. तेथे निरर्थक रोमन चिन्हे उमटली, तर कोणताही आवाज ती वाचू शकणार नाही. संस्थेकडे युनिकोड प्रत मागावी. छायाचित्ररूपी पानातून काहीच निवडता येत नाही, एवढ्यावरून ते ओळखावे.

खूण राहून गेली असेल तर तीही लेखी मागता येते. ‘संकेतस्थळ मराठीत करा’ ही मागणी मोठी आहे आणि तिला वेळ लागतो. ‘मराठी सूचनांच्या परिच्छेदांवर `lang="mr"` नोंदवा, निकष ३.१.२’ ही मागणी एका ओळीची आहे. सोबत पृष्ठाचा पत्ता आणि न वाचली गेलेली ओळ द्यावी.

७. सारांश

इंटरफेसची, मजकुराची आणि आवाजाची भाषा या तीन स्वतंत्र बाबी आहेत. देवनागरी ओळखल्याने मराठी ओळखली जात नाही. त्यासाठी भाषेची खूण लागते आणि तीच खूण आवाज व अक्षरांचा आकार या दोहोंचे नियमन करते. खूण असल्यास स्वयंचलित बदल पुरेसा असतो. नसल्यास सलग वाचनासाठी वेगळी मांडणी करावी लागते. आवाजाची भाषा संख्येच्या उच्चारावरून खात्रीने ओळखता येते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘कृपया ज्ञानकोशाची ४९ पाने वाचा’ हे वाक्य आपल्या फोनच्या आवाजात ऐका. तो मराठी आहे की हिंदी, हे तीन पुराव्यांनिशी लिहा.
२. मराठी व हिंदी आवाजांतील फरक दाखवणारे स्वतःचे एक वाक्य तयार करा. त्यात ‘च’ व ‘ज’ यांवर विसंबू नका. का, ते स्पष्ट करा.
३. आपण वापरत असलेल्या एका इंग्रजी संकेतस्थळावरील मराठी ओळीला भाषेची खूण आहे का, ते तपासा आणि नसल्यास संस्थेला पाठवायचे चार ओळींचे पत्र लिहा.